एकाच ऊतीतलं जनुक पुसणारी कात्री

१९९६ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. इन्सुलिनचा संदेश पेशीच्या आत पोचवणारं प्रथिन, म्हणजे इन्सुलिनचा ग्राही, ज्या जनुकामुळे तयार होतं ते जनुक उंदरांच्या सगळ्या शरीरातून काढून टाकण्यात आलं. पिल्लं जन्मली तेव्हा जवळजवळ इतर पिल्लांसारखीच दिसत होती. आईचं दूध पोटात गेल्यावर मात्र त्यांच्या रक्तातली साखर वाढत गेली, शरीराने चरबी जाळायला सुरुवात केली, रक्त आम्लधर्मी झालं आणि काही दिवसांतच ती मेली.

या प्रयोगाने एक गोष्ट पक्की झाली. इन्सुलिनच्या ग्राहीवाचून उंदीर जगत नाही. पण मधुमेहाच्या अभ्यासकांना वेगळंच काही हवं होतं. इन्सुलिनचं काम स्नायूंत चालतं, यकृतात चालतं, मेदात चालतं, खुद्द इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींतही चालतं. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, तेव्हा यांपैकी नेमकं कोणाचं बिघडणं महागात पडतं? आठवड्याभराच्या आत मेलेल्या पिल्लाकडून याचं उत्तर मिळणार नव्हतं. त्यासाठी बाकी सगळं शरीर जसंच्या तसं ठेवून फक्त स्नायूंमधून ते जनुक घालवता यायला हवं होतं.

अडचण अशी की उंदराच्या प्रत्येक पेशीत तेच जनुक असतं. स्नायूच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच. मग कात्री एकाच ठिकाणी चालावी कशी?

ती कात्री सापडली एका विषाणूत. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला पी-१ नावाचा विषाणू ग्रासतो. त्याच्याकडे ‘क्री’ नावाचं एक प्रथिन असतं, ३४३ अमिनो आम्लांचं. विषाणूच्या डीएनएच्या दोन प्रती एकमेकींत गुंतून एकच मोठं कडं झालं, की ते तोडून पुन्हा दोन सुटी कडी करणं हे क्रीचं काम. ते कुठेही कापत नाही. डीएनएवर ३४ अक्षरांची एक ठरावीक खूण असते, तिला ‘लॉक्स-पी’ म्हणतात. क्री फक्त तिलाच ओळखतं. ती खूण अशी आहे:

```
ATAACTTCGTATA GCATACAT TATACGAAGTTAT
```

पहिली तेरा अक्षरं उलटीकडून वाचा आणि वाचताना A च्या जागी T, T च्या जागी A, G च्या जागी C, C च्या जागी G घाला. शेवटची तेरा अक्षरं तुमच्यासमोर येतील. या दोन बाजूंवर क्रीचा एकेक रेणू बसतो. मधली आठ अक्षरं मात्र अशी उलटसुलट सारखी नाहीत, आणि त्यामुळे या खुणेला बाणासारखी दिशा मिळते. डीएनएवर अशा दोन खुणा एकाच दिशेला तोंड करून असतील, तर क्रीचे चार रेणू त्या दोन्ही खुणा जवळ ओढतात, दोन्हीकडे काप घेतात आणि टोकं अदलाबदल करून जोडतात. मधला तुकडा कड्याच्या रूपात बाहेर पडतो आणि पुढे पेशीत नाहीसा होतो. मागे उरते एकच खूण. दोन खुणा समोरासमोर तोंड करून असतील, तर मधला तुकडा निघत नाही, फक्त उलटा बसतो.

उंदराच्या जनुकसंचात सुमारे पावणेतीन अब्ज अक्षरं आहेत. चार अक्षरांपासून ३४ लांबीची जी वेगवेगळी वाक्यं होऊ शकतात, त्यांची संख्या याच्या कित्येक अब्ज पटींनी मोठी आहे. त्यामुळे नेमकी लॉक्स-पी ही खूण उंदरात आपसूक सापडत नाही. तुम्ही ती जिथे नेऊन ठेवाल तिथेच कात्री चालते. शिवाय क्रीला काम करायला दुसऱ्या कुठल्या प्रथिनाची मदत लागत नाही की वेगळी ऊर्जा लागत नाही. म्हणूनच जिवाणूच्या विषाणूतली ही यंत्रणा सस्तन प्राण्याच्या पेशीतही चालते. हे ओळखून १९८०च्या दशकात ड्यूपाँट कंपनीतल्या ब्रायन सॉवर यांनी ती आधी यीस्टमध्ये आणि मग सस्तन प्राण्यांच्या पेशींत चालवून दाखवली. १९९४ मध्ये जर्मनीत कोलोन इथे क्लाउस रायेव्स्की यांच्या गटाने उंदराच्या फक्त टी-पेशींमधून एक जनुक काढलं आणि आज हजारो प्रयोगशाळांत वापरली जाणारी पद्धत उभी राहिली.

या पद्धतीची सगळी करामत दोन वेगवेगळ्या उंदरांत वाटलेली असते. बॉस्टनच्या जॉस्लिन डायबिटीस सेंटरमध्ये रोनाल्ड कान यांच्या प्रयोगशाळेत येन्स ब्रूनिंग आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्नायूंवर जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्याचंच उदाहरण घेऊ.

पहिल्या उंदरात इन्सुलिन-ग्राहीच्या जनुकात दोन लॉक्स-पी खुणा बसवल्या. प्रथिनाची माहिती जनुकात सलग नसते, ती तुकड्यातुकड्यांनी असते. खुणा बसवल्या त्या चौथ्या तुकड्याच्या दोन बाजूंना, दोन्ही निरर्थक भागांत, जेणेकरून नुसत्या खुणांमुळे जनुकाला काही होऊ नये. याला प्रयोगशाळेच्या बोलीत ‘फ्लॉक्स’ केलेलं जनुक म्हणतात. अशा उंदरात ग्राही नेहमीसारखा तयार होतो. तो उंदीर निरोगी असतो, आणि तो निरोगीच असायला हवा. खुणा बसवतानाच जनुक दुखावलं असेल तर पुढचा सगळा प्रयोग वाया जातो.

एवढं मोठं जनुक आणि त्यातला एकच तुकडा काढून काय होणार, असं वाटेल. पेशी जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचते. ‘कमल वचन गगन पवन’ यातला एकच ‘व’ काढा आणि तीन-तीन अक्षरांनी पुन्हा वाचा: ‘कमल चनग गनप वन’. चौथ्या तुकड्याची लांबी तीनने भागली जात नाही. तो गेला की पुढचं सगळं वाचन सरकतं, थोड्याच अंतरावर ‘थांबा’ असा अर्थ देणारी तीन अक्षरं येतात आणि प्रथिन अर्धवट राहतं.

दुसऱ्या उंदरात क्रीचं जनुक घातलेलं असतं, पण त्याच्यापुढे एक स्विच जोडलेला असतो. प्रत्येक जनुकाआधी डीएनएचा एक भाग असतो, तो जनुक कुठल्या पेशीत चालू राहील हे ठरवतो. त्याला प्रवर्तक म्हणतात. मसल क्रिएटिन कायनेज नावाचं एक विकर स्नायूंतच बनतं. त्याच्या प्रवर्तकामागे क्रीचं जनुक जोडलं. मग ते प्रत्येक पेशीत असलं, तरी बनतं फक्त स्नायूंत. क्रीच्या या उंदराच्या शरीरात लॉक्स-पी खुणा नाहीत, त्यामुळे कापायला काहीच नाही. तोही निरोगी.

आता दोघांचा संकर. इथे अंकगणित आणि चिकाटी लागते. ज्याच्या दोन्ही गुणसूत्रांवरचं जनुक फ्लॉक्स आहे असा उंदीर आणि क्री असलेला उंदीर यांच्या पिल्लांत एकच फ्लॉक्स प्रत येते. निम्म्या पिल्लांत क्री येतं. एक प्रत शाबूत असल्याने ग्राही बनत राहतो, म्हणून ही पिढी कामाची नाही. त्यांतली क्री असलेली पिल्लं मोठी करून पुन्हा दोन्ही प्रती फ्लॉक्स असलेल्या उंदराशी जोडी लावायची. आता चारातल्या एका पिल्लात दोन्ही फ्लॉक्स प्रती आणि क्री एकत्र येतात. नर आणि मादी यांची चयापचयाची मोजमापं वेगळी येतात, म्हणून फक्त नर हवे असतील तर आठात एक. दहा नर हवेत? ऐंशी पिल्लं लागतात, म्हणजे एका वेळी आठ धरली तरी दहा विणी. गर्भकाळ साधारण वीस दिवसांचा, दूध सुटायला तीन आठवडे, वयात यायला सहा ते आठ. एका पिढीला अडीच-तीन महिने गेले असंच धरायचं.

प्रत्येक पिल्लाच्या कानाचा किंवा शेपटीच्या टोकाचा बारीक तुकडा घेऊन त्यातला डीएनए पीसीआरने तपासतात. खुणा बसलेला तुकडा मूळ तुकड्यापेक्षा थोडा लांब असतो, त्यामुळे जेलवर त्याची पट्टी जरा वर दिसते. इथे एक नजर ठेवावी लागते. कानात स्नायूंचं क्री चालत नाही, तेव्हा तिथे जनुक न कापलेलंच दिसायला हवं. एखाद्या पिल्लाच्या कानातही कापलेल्या जनुकाची आखूड पट्टी दिसली, तर समजावं की क्री आईबापांच्या बीजपेशीत किंवा अगदी सुरुवातीच्या गर्भातच चालून गेलं आहे. ते पिल्लू अख्ख्या शरीरात कापलेलं जनुक घेऊन आलं आहे आणि प्रयोगातून बाद आहे. ही तपासणी टाळणाऱ्यांना पुढे भलतेच निष्कर्ष मिळतात.

डीएनए कापला गेला एवढ्यावरही भागत नाही. प्रथिन खरंच गेलं का, ते पाहावं लागतं. ब्रूनिंग यांच्या उंदरांत स्नायूंमधला ग्राही ९५ टक्क्यांहून जास्त घटला होता आणि इतर ऊतींत तो शाबूत होता. शंभर टक्के का नाही, असा प्रश्न पडेल. स्नायूचा तुकडा दळला की त्यात रक्तवाहिन्या, नसा, संयोजी ऊतीही दळल्या जातात. त्या पेशींत क्री चालत नाही. त्यांचा ग्राही या आकड्यात राहतोच. स्नायूंच्या यादीत हृदयही येतं, हे मात्र विसरायचं नाही, कारण हा प्रवर्तक हृदयातही चालतो.

मग आली खरी परीक्षा. उंदरांना उपाशी ठेवून पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन द्यायचं आणि दोन तास ठरावीक वेळांनी शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजायची. आपल्याकडे साखर तपासताना ग्लुकोज पाजून पुन्हा रक्त घेतात, तीच ही चाचणी. त्या काळची पक्की समजूत अशी होती की इन्सुलिनच्या हुकमाने रक्तातून उचलली जाणारी बहुतेक साखर स्नायू उचलतात. म्हणजे स्नायूच बहिरे झाले तर साखर चढायला हवी.

ती चढली नाही. उंदरांची उपाशीपोटीची साखर नेहमीसारखी, रक्तातलं इन्सुलिन नेहमीसारखं, ग्लुकोज दिल्यानंतरचा आलेखही नेहमीसारखा. मला या सगळ्या कहाणीतली ही सर्वांत मोलाची जागा वाटते. हाती आलेला निकाल अपेक्षेच्या विरुद्ध होता आणि तरीही तो नाकारता येत नव्हता, कारण ग्राही गेला आहे हे आधीच दाखवून झालं होतं. बिघाड दिसला तो दुसरीकडे. या उंदरांच्या अंगात चरबी जास्त होती, रक्तात ट्रायग्लिसराइड आणि मुक्त मेदाम्लं वाढलेली होती.

साखर गेली कुठे, ते २००० मध्ये येल विद्यापीठातल्या गटाने दाखवलं. त्यांनी उंदरांच्या शिरेत इन्सुलिन एकसारखं सोडत ठेवलं, साखर एका पातळीवर राहील इतकं ग्लुकोज दिलं आणि पेशीत शिरल्यावर तिथेच अडकून राहणारी, किरणोत्सारी खूण केलेली साखर वापरून प्रत्येक ऊतीचा वाटा मोजला. स्नायूंचं साखर उचलणं जवळपास पाऊण हिश्श्याने घटलं होतं. मेदाचं तिपटीने वाढलं होतं. स्नायूंनी नाकारलेली साखर मेदाकडे वळली आणि चरबी होऊन साठली. वाढलेल्या चरबीचा उगम तिथे होता.

त्याच वर्षी कान यांच्या प्रयोगशाळेने फ्लॉक्सचे तेच उंदीर घेतले आणि जोडीदार बदलला. आता क्री यकृतात चालणाऱ्या अल्ब्युमिनच्या प्रवर्तकामागे होतं. यकृतातला ग्राही गेला आणि उंदरांची साखर सांभाळण्याची ताकदच गेली. इन्सुलिन कितीही असलं तरी यकृत साखर तयार करून रक्तात सोडतच राहिलं, आणि रक्तातलं इन्सुलिन खूप चढलं. पद्धतीची खुबी इथे दिसते. खुणा एकदाच बसवायच्या आणि मग वेगवेगळ्या ऊतींतल्या क्रीच्या उंदरांशी संकर करत त्याच जनुकाला एकेका ठिकाणी प्रश्न विचारायचा.

बीटा पेशींची पाळी आली तेव्हा वापरलेल्या क्रीच्या उंदराची कहाणी वेगळी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे मांडता येत नाही. बीटा पेशींत इन्सुलिन बनतं, म्हणून इन्सुलिनच्याच प्रवर्तकामागे क्री जोडलेला उंदीर जगभर वापरात होता. काही वर्षांत दिसलं की त्याचं क्री मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्येही चालतं. भूक आणि चयापचय सांभाळणाऱ्या भागातच कात्री चालत असेल, तर मिळालेला परिणाम स्वादुपिंडाचा की मेंदूचा? २००६ मध्ये आणखी एक गोष्ट प्रसिद्ध झाली. फ्लॉक्स केलेलं कुठलंही जनुक नसलेल्या, नुसतं क्री असलेल्या या उंदरांनाही साखर नीट पेलत नव्हती.

कारण २०१४ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी पुढे आणलं. हा उंदीर घडवताना क्रीचं जनुक नीट चालावं म्हणून त्याच्या शेपटाला मानवी वाढ संप्रेरकाच्या जनुकाचा तुकडा जोडला होता. त्या काळी तशी रीतच होती. तो तुकडा मुका राहील अशी सगळ्यांची समजूत होती. तो मुका नव्हता. बीटा पेशी खरोखरच मानवी वाढ संप्रेरक बनवत होत्या, आणि त्यामुळे त्या गरोदरपणात वागतात तशा वागायला लागल्या होत्या.

हे इतकी वर्षं नजरेआड राहण्याचं एक कारण वर सांगितलेल्या संकराच्या गणितातच आहे. एक पालक नेहमी दोन्ही फ्लॉक्स प्रतींचा घेतला, तर त्या विणीत क्री आहे पण फ्लॉक्स अजिबात नाही असं पिल्लू जन्मतच नाही. मग तुलनेला सोयीने हाताशी येतात ती क्री नसलेली भावंडं. फरक दिसतो, आणि तो जनुक गेल्यामुळेच पडला असं वाटतं. नुसत्या क्रीचे उंदीर मिळवायला वेगळा संकर लावावा लागतो, त्याला जागा लागते, पैसा लागतो, महिने लागतात. माझं स्पष्ट मत असं की तो खर्च न करता छापलेला निष्कर्ष अर्धाच मानावा.

क्री नेमकं कुठे चालतं हे पाहण्याची सोपी सोय आता आहे. काही उंदरांत रंग देणाऱ्या जनुकापुढे लॉक्स-पी खुणांमध्ये एक अडसर बसवलेला असतो. क्रीने अडसर काढला की ती पेशी निळी किंवा लाल होते, आणि तिच्या पुढच्या सगळ्या पेशी तशाच रंगतात. नवा क्रीचा उंदीर हाती आला की आधी अशा उंदराशी संकर करून अख्खं शरीर, विशेषतः मेंदू आणि वृषण, कापून पाहणं शहाणपणाचं.

एक मर्यादा राहतेच. स्नायूंचा प्रवर्तक उंदीर जन्मण्याआधीच चालू होतो. म्हणजे तो उंदीर जन्मभर ग्राहीवाचून जगलेला असतो, आणि त्याच्या शरीराने तशी सवय करून घेतलेली असते. साखर मेदाकडे वळणं हा त्या सवयीचाच भाग असेल का? यासाठी क्रीचा सुधारलेला प्रकार वापरतात. त्याला इस्ट्रोजेनच्या ग्राहीचा तुकडा जोडलेला असतो, म्हणून तो पेशीच्या केंद्रकाबाहेर अडकून बसतो. स्तनांच्या कर्करोगावर देतात ते टॅमॉक्सिफेन औषध उंदराला दिलं, की तो केंद्रकात शिरतो आणि काप घेतो. मग जनुक कुठे जावं याबरोबर कधी जावं हेही ठरवता येतं. औषध प्रत्येक पेशीत पोचत नाही, त्यामुळे काही पेशी कापल्याविना राहतात, आणि टॅमॉक्सिफेनचे स्वतःचे परिणाम असतात म्हणून ते तुलनेच्या उंदरांनाही द्यावं लागतं.

उंदरावरून माणसाकडे येतानाही जपून यावं लागतं. उंदराचा मेद जितकी साखर सामावून घेऊ शकला तितकी माणसाचा घेईल, असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही.

स्नायूंच्या याच उंदरांवर १९९९ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना छोट्या ट्रेडमिलवर पळवलं आणि मग त्यांच्या स्नायूंनी किती साखर उचलली ते मोजलं. इन्सुलिन दिलं तर हे स्नायू हलत नव्हते. पळवल्यावर मात्र, इन्सुलिनचा ग्राही जवळजवळ नसतानाही, त्यांनी निरोगी उंदरांच्या स्नायूंसारखीच साखर आत घेतली.